आठ नंबर म्हणजे नक्की किती? दोन रिटर्ननंतर कळलेली गोष्ट

रोज सकाळी नाशिकच्या गोल्फ क्लबच्या मैदानावर चालायला जातो, त्यासाठी बूट ऑनलाइन मागवले. पहिला जोड बोटांना लागला म्हणून परत गेला, दुसरा टाचेत सुटत होता म्हणून तोही परत गेला. तिसरा नीट बसला. या सगळ्यात तीन आठवडे गेले. पाय मी दोन्ही वेळा बरोबरच मोजला होता. घोळ झाला तो साइज चार्टमधल्या एका शब्दाने, आणि त्याचा राग अजून आहे. तो शब्द म्हणजे ‘लांबी’.

माझा उजवा पाय 26.6 सेंटिमीटर, डावा 26.3. माप नेहमी मोठ्या पायाचं धरायचं. पहिल्या सेलरच्या चार्टवर नुसतं ‘लांबी’ लिहिलं होतं: 7 नंबरला 26.8, 8 ला 27.6, 9 ला 28.4. पाय 26.6 म्हणून 7 मागवला. आला तेव्हा अंगठा पुढे टेकलेला. आतला सोल काढून पट्टी लावली तर 26.8 भरला. म्हणजे चार्टमधली लांबी बुटाच्या आतली होती, पायाची नव्हती. बंद बुटात सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर मोकळं लागतं, कारण पाऊल टाकताना पाय थोडा पुढे सरकतो. मला तिथे दोन मिलिमीटर मिळत होते.

बदलून 8 घ्यावा तर तो संपलेला. पैसे परत घेतले आणि दुसऱ्या ठिकाणी गेलो. तिथेही तोच शब्द: 7 ला 26, 8 ला 27, 9 ला 28. या वेळी मी एक सेंटिमीटर मिळवला, 27.6 आले, म्हणून 9 घेतला. टाच प्रत्येक पावलाला वर उचलली जायची. हा चार्ट पायाच्या लांबीचा होता. मोकळी जागा त्यांनी आधीच धरलेली होती आणि मी ती दुसऱ्यांदा धरली. शब्द एकच, अर्थ दोन. एका चार्टने बूट लहान दिला, दुसऱ्याने मोठा. ‘पायाची लांबी’ किंवा ‘आतली लांबी’ असा एक शब्द जास्त लिहायला सेलरला काय लागतं?

यावर एक पक्की खूण आहे. आपल्याकडे बुटावर जो नंबर असतो तो बहुतेक ब्रिटिश, म्हणजे यूके नंबर. तो पायाचा नसून ज्या साच्यावर बूट शिवतात त्या साच्याचा असतो. जुने कारागीर त्याला कलबूत म्हणतात. मोठ्यांच्या नंबरात 25 मिळवून 3 ने भागलं की साच्याची लांबी इंचात येते. आठात पंचवीस, तेहतीस, भागिले तीन: 11 इंच, म्हणजे 27.9 सेंटिमीटर. युरोपियन नंबर म्हणजे त्याच लांबीची सेंटिमीटरमध्ये दीडपट, म्हणून 8 च्या शेजारी 42 दिसतो. आता चार्टमध्ये 8 नंबरसमोर पाहायचं. 27.5 ते 28 च्या आसपास असेल तर ती बुटाची आतली लांबी. 26.5 ते 27 असेल तर ती पायाची. 29 च्या वर गेली असेल तर बहुधा खालचा सोल बाहेरून मोजलेला आहे. त्या आकड्यावरून नंबर ठरवूच नये. खूण पुरुषांच्या, बंद, यूके नंबरच्या बुटांना लागू पडते; मुलांचे नंबर वेगळे चालतात.

आणखी एक. यूकेचा एक नंबर वाढला की लांबी साडेआठ मिलिमीटरने वाढते. चार्टमध्ये प्रत्येक नंबरला नेमका एक सेंटिमीटर वाढत असेल, तर आकडे गोल केलेले आहेत. 7-8 च्या जवळ चालून जातं, पण 10-11 वाल्यांनी त्यावर भरवसा ठेवू नये.

नंबर एक असूनही कंपन्यांची मापं का जुळत नाहीत तेही यातून कळतं. साचा तेवढाच धरला तरी किती जागा मोकळी सोडायची ते प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. आदिदासच्या यूके 8 च्या लेबलवर 265 मिलिमीटर असतं, नायकेच्या यूके 8 वर 27 सेंटिमीटर. हे पायाचं माप. माझ्या 26.6 ला पहिल्यात साडेआठ लागतो, दुसऱ्यात आठ. म्हणून जुन्या बुटाच्या जिभेच्या आत शिवलेलं लेबल बघा आणि नंबराऐवजी त्यावरचा सेंटिमीटर किंवा मिलिमीटरचा आकडा जुळवा. अमेरिकन नंबरावर तर जाऊच नका: तोच यूके 8 एकीकडे साडेआठ, दुसरीकडे नऊ.

पाय मोजायची रीत सोपी आहे, पण दोन ठिकाणी चुकते. संध्याकाळी, ज्या मोज्यांवर बूट घालणार ते घालून, उभं राहून मोजायचं. बसून मोजलं तर पाय आखूड भरतो. कागदाची कड भिंतीच्या स्कर्टिंगला लावा, टाच स्कर्टिंगला टेकवा आणि दुसऱ्या कोणाला तरी खूण करायला सांगा, कारण स्वतः वाकलं की वजन सरकतं. काहींचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, तेव्हा खूण तिथे. आणि पेन्सिल: सरळ उभी धरून बोटाला टेकवली की रेघ तिच्या निम्म्या जाडीइतकी, साडेतीन मिलिमीटर, पुढे पडते. हा जवळजवळ अर्ध्या नंबराचा फरक झाला. बोटासमोर पुस्तकाची उभी कड टेकवून तिच्या आतल्या बाजूला खूण केली की ही भानगड राहत नाही.

लांबी बरोबर असून करंगळी दाबली जात असेल तर एक नंबर वाढवणं हा इलाज नाही. बूट जिथे वाकायचा ती जागा चवड्याच्या पुढे जाते आणि टाच सुटते. रुंद साच्याचं दुसरं मॉडेल शोधायचं. आपल्याकडे अनेकांना हाच त्रास होतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांची पावलं मोजून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धत सुचवली आहे, तिच्यामागे हेही एक कारण आहे.

बूट आल्यावर आधी सतरंजीवरच घाला. सोलला धूळ लागली की पिकअपवाला घेत नाही. नाड्या पूर्ण बांधा आणि घरातल्या जिन्याच्या वरच्या एक-दोन पायऱ्या सतरंजीची घडी टाकून उतरून बघा. सपाट फरशीवर न लागणारा अंगठा उतरताना लागतो. पांडवलेणीच्या पायऱ्या उतरणाऱ्यांनी ही चाचणी चुकवू नये. कंपनीच्या मूळ खोक्यावर चिकटपट्टी लावू नका, ते दुसऱ्या पिशवीत घाला. माझं एक पार्सल दारातून परत फिरलं ते यामुळेच.

हे आधीच सांगायला हवं होतं: ऑर्डर देण्याआधी त्याच बुटाचा वरचा नंबर शिल्लक आहे का बघा. नसेल तर बदलून मिळत नाही, सगळं पहिल्यापासून करावं लागतं. आणि चार्टवरून उलगडत नसेल तर शालिमारला दुकानात जाऊन त्याच कंपनीचं तेच मॉडेल घालून बघा. दुसऱ्या मॉडेलवरून अंदाज नको, एकाच कंपनीतही साचे वेगळे असतात.