दूध आधी उतू जायला हवं होतं

दिवाळी अंकाचा शेवटचा सोळा पानी फॉर्मा रात्री छापखान्यात जाणार होता आणि त्यातल्या एका कथेवर माझं मन बसत नव्हतं. लेखिका कराडच्या शाळेत शिकवते. तिची ही दुसरीच कथा. भाषा स्वच्छ होती, माणसं खरी होती. तरी शेवटच्या पानावर घरात स्फोट होतो तेव्हा मला काहीच वाटलं नाही. स्फोट वाचून झाला आणि मी पुढच्या मजकुराकडे वळले, हेच मला खुपत राहिलं. आदल्या संध्याकाळी तिला फोन केला, तर ती सकाळच्या पहिल्या एसटीने पुण्याला आली. साडेदहाला आम्ही दोघी टेबलाशी बसलो होतो.

कथा अशी. पावसाळी दुपार. चाळीतल्या दोन खोल्यांच्या घरात सून शेगडीवर दूध तापत ठेवते आणि तेवढ्यात तिला कळा सुरू होतात. नवरा घाईघाईने तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेतो. सासरे, म्हणजे अप्पा, देवळात भजनाला गेलेले. दिवेलागणीला ते परततात तेव्हा वीज गेलेली असते. देवाजवळ दिवा लावायला ते काडी ओढतात आणि स्फोट. मग शेवटच्या दोन परिच्छेदांत एक पोलीस उलगडा करतो, की दूध उतू गेलं, ज्योत विझली, बटण चालूच राहिलं आणि बंद घरात गॅस साठत गेला.

मी तिला म्हटलं, "हे शेवटचे दोन परिच्छेद उचल आणि पहिल्या पानावर ठेव."

ती दचकली. "ताई, मग रहस्य काय उरलं?"

तिची भीती मला समजत होती. पण तिच्या कथेत रहस्य नव्हतंच. वाचकाला कोडं पडलेलं नव्हतं, त्यामुळे उत्तर मिळाल्याचा आनंदही नव्हता. होता तो फक्त एक दणका, आणि तो अर्ध्या ओळीत संपत होता. मी तिला 'ध'चा 'मा' आठवायला सांगितलं. 1773 साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला आणि आनंदीबाईंनी पत्रातलं 'धरावे' बदलून 'मारावे' केलं, ही आख्यायिका आपण शाळेपासून ऐकतो. सांगणारा पत्राची गोष्ट नेहमी आधी सांगतो. म्हणून पुढे तो पोरगा "काका, मला वाचवा" म्हणत धावतो तेव्हा आपल्या पोटात खड्डा पडतो. पत्राची हकिगत खुनानंतर सांगून बघा. तेच शब्द, तीच धाव, पण ऐकणाऱ्याला ती नुसती धावपळ वाटेल.

तिने परिच्छेद पहिल्या पानावर नेले आणि लगेच दुसरी अडचण समोर आली. सगळी कथा अप्पांच्या नजरेतून होती. अप्पा देवळात, सून रिक्षात. मग दूध उतू जाताना पाहिलं कोणी? तिने सुनेला रिक्षात शंका आल्याचं लिहून पाहिलं. पण शंका आली की ती नवऱ्याला सांगणार, नवरा शेजारी फोन करणार, आणि कथा तिथेच संपणार. शेवटी आम्ही ठरवलं की दार ओढून माणसं निघून गेली तरी निवेदन मात्र स्वयंपाकघरातच थांबेल. रिकामी खोली, बंद खिडकीवर पाऊस, ओट्यावर पातेलं. तिने लिहिलं:

"साय फुगली आणि दूध कडेवरून खाली आलं. शेगडी चुरचुरली, ज्योत विझली. बटण तसंच राहिलं. दुधाची धार ओट्यावरून खाली उतरली आणि फरशीवर तिचं थारोळं झालं."

पुढे तिने एक वाक्य जोडलं होतं, 'हीच चूक पुढे जीवघेणी ठरणार होती.' ते मी खोडलं. ज्या घरात गॅसची शेगडी आहे त्या घरातल्या वाचकाला हे सांगावं लागत नाही. सांगितलं की लेखक कोपराने ढोसतो आहे असं वाटतं आणि वाचकाची स्वतःची भीती तिथेच विरते.

मग आमच्या गल्लीतल्या शेगडी दुरुस्त करणाऱ्या माणसाला मी वर बोलावलं, कारण अशा कथेत वाचकाला धोका पटला नाही तर पुढचं सगळं फुकट. त्याने दोन गोष्टी सांगितल्या आणि त्या दोन्हींनी प्रसंग सुधारला. आधीच्या खर्ड्यात दूध उतू गेल्यावर अप्पा दहा मिनिटांत घरी येत होते. तो म्हणाला, दहा मिनिटांत खोली भरत नाही. पेट घ्यायला हवेत साधारण दोन टक्के तरी गॅस लागतो, आणि नऊ-दहा टक्क्यांच्या वर गेला तरी पेटत नाही. एका बर्नरला बंद खोलीत तास-दोन तास द्या. म्हणजे अप्पांना भजनात थांबवणं भागच होतं, आणि हे थांबणंच तर आम्हाला हवं होतं. वाचक देवळात बसून गवळण ऐकतो आणि मनाने स्वयंपाकघरात असतो. आधी कंटाळवाणं वाटणारं भजनाचं पान आता लांबवावंसं वाटू लागलं.

दुसरी गोष्ट अशी की हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, फरशीवर पसरतो. मी लेखिकेकडे पाहिलं. तिच्या घरातला देव्हारा भिंतीवर टांगलेला होता. तिने काही न बोलता तो खाली आणला, स्वयंपाकघराच्या दाराशी, फरशीवरच्या पाटावर. आता अप्पांना दिवा लावायला खाली बसावं लागणार होतं, बरोबर जिथे गॅस साठला आहे तिथे. हात जोडायला वाकलेला म्हातारा आणि त्याच्या गुडघ्याएवढं भरलेलं ते न दिसणारं पाणी. मला त्या क्षणी खरंच भीती वाटली.

आता सर्वांत नाजूक भाग. अप्पांना वास का येत नाही? गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, तो शेजाऱ्यांनाही येतो. धोका न दिसणारं माणूस मूर्ख वाटलं तर वाचक त्याच्यासाठी घाबरत नाही, त्याच्यावर वैतागतो. तिने सर्दी लिहिली होती. सर्दी फार सोयीची असते, कथेला हवी त्याच दिवशी होते. त्याऐवजी अप्पांचा वास कित्येक वर्षांपूर्वीच गेलेला आहे असं केलं आणि ते भजनात पेरलं. कोणी अत्तराचा फाया पुढे करतं, अप्पा मानाने घेतात, कानात ठेवतात आणि म्हणतात, "मला काय, पाणी आणि अत्तर सारखंच." एवढंच.

शेजारच्या काकू दाराशीच भेटत होत्या. मी विचारलं, "यांचं नाक चांगलं आहे ना?" मग काकूंना खाली जिन्याशी आणलं, छत्री मिटताना. तिथे त्या सून दवाखान्यात असल्याचं सांगतात आणि म्हणतात, "अप्पा, आधी देवाजवळ दिवा लावा. सगळं नीट होईल." हे वाक्य पहिल्या खर्ड्यातही होतं, शब्दन्‌शब्द असंच. तेव्हा ते शेजाऱ्याचं चांगलं बोलणं होतं, वाचून विसरण्याजोगं. आता ते वाचताना लेखिकेने स्वतःच तोंडावर हात ठेवला. मुलाचा फोनही तसाच: "अप्पा, तुम्ही घरातच थांबा. पावसात बाहेर पडू नका." वाक्याला आम्ही बोटही लावलं नव्हतं. बदललं होतं ते फक्त वाचकाला ठाऊक असलेलं.

दुपारी जेवण झाल्यावर शेवटावर अडलो. तिला स्फोट हवाच होता. मी तिला हिचकॉकचं उदाहरण दिलं. 1936 च्या 'सॅबोटाज' या चित्रपटात एक मुलगा आपल्या हातातल्या सामानात बॉम्ब आहे हे न कळता बसमध्ये बसतो. प्रेक्षकाला ते ठाऊक असतं. बॉम्ब फुटतो आणि मुलगा मरतो. पुढे हिचकॉकने स्वतःच ती चूक मानली, कारण इतका वेळ जीव टांगणीला लावून घेतलेल्या प्रेक्षकाला ते सहन झालं नाही. मी हा नियम म्हणून सांगितला नाही. शोकांतिका लिहायची असेल तर स्फोट होऊ दे. पण तिच्या कथेत बाळ जन्माला येत होतं आणि तिचा सगळा ओढा त्या घराने वाचावं असाच होता. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण वाचवायचं कसं? योगायोगाने वाचले तर वाचक हसेल."

उत्तर तिच्याच पहिल्या पानावर होतं. दुधाचं थारोळं. अप्पांचं नाक गेलं होतं, पाय गेले नव्हते.

साडेपाचला तिने नवा शेवट पूर्ण केला. मी तो आमच्या अक्षरजुळणीच्या काकांना वाचून दाखवायला सांगितलं. हे काका 30 वर्षं हे काम करतात. जुना खर्डाही त्यांनीच टाइप केला होता आणि त्यातलं त्यांना फक्त 'शेवटी काहीतरी फुटतं' एवढंच आठवत होतं. ती वाचू लागली. काका कीबोर्डवर दुसरंच काम करत ऐकत होते. भजनापर्यंत बोटं चालू होती. काकूंच्या वाक्याला ती मंदावली. अप्पा अंधारात पाटासमोर बसले, निरांजनात वात सारखी केली, काडीपेटी हातात घेतली, एक काडी काढली, तेव्हा काकांची बोटं थांबली होती.

"अहो, नका," काका म्हणाले. कोणाला, ते त्यांनाही कळलं नसावं.

बाहेरच्या खोलीत फोन वाजतो. दुपारपासून सगळे ज्याची वाट पाहत आहेत तोच फोन. अप्पा काडी पेटीवर आडवी ठेवून उठतात. मुलगी झाली. ते परत येतात, देवापुढे साखर ठेवायला. दिवा लावतील की आधी साखर घेतील, हे दोन ओळी कळत नाही. साखरेचा डबा ओट्यावर. अंधारात दोन पावलं, आणि तळव्याला काहीतरी चिकट लागतं. अप्पा वाकून बोट लावतात, जिभेला लावतात. दूध. मग हात चाचपडत शेगडीकडे जातो आणि बटण सापडतं.

काका खुर्चीत मागे टेकले. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

टाइप करताना एकच प्रश्न उरला होता. लेखिकेने विचारलं, "ताई, मुलगी झाली आहे. आता तरी देवाजवळ दिवा लागायला हवा ना?" मला मोह झाला. पण खिडकी आत्ता कुठे उघडली होती, फरशीवरचा गॅस इतक्या लवकर जाणार नव्हता, आणि हे अप्पांना कळलेलं होतं. मग तिने लिहिलं, की अप्पा दार उघडं टाकून गॅलरीत आले आणि ओल्या कठड्याला धरून उभे राहिले.

पावणेदहाला फॉर्मा छापखान्यात गेला, दिवा न लावताच.