आमची वाटचाल : नाव आमचं, किल्ली दुसऱ्याकडे

कुडाळला घराच्या पडवीत आम्ही कोकम आगळ आणि आमसुलं करायला लागलो, तेव्हा सगळ्या ऑर्डरी फोनवरच यायच्या. वेबसाइट करायची ठरली आणि पहिला घोळ नावातच झाला. कोकम कुणी kokum लिहितं, कुणी kokam, आणि आमसूल तर प्रत्येक जण आपापल्या तऱ्हेने. फोनवर पत्ता सांगताना बायको दर वेळी ‘एक ए की दोन’ समजावत बसायची. शेवटी ते शब्दच सोडले आणि ऐकलं तसं लिहिता येईल असं वाडीचं छोटं नाव घेतलं.

ओळखीच्या एका मुलाने डोमेन म्हणजे साइटचं नाव, साइट ठेवायला होस्टिंग आणि साइट, सगळं एकत्र करून दिलं. पैसे आमचे, पण डोमेन त्याच्या खात्यावर, त्याच्या ईमेलवर. हे कळलं दुसऱ्या वर्षी, यूपीआयने पैसे घेणारं तयार ऑनलाइन दुकान लावायचं ठरलं तेव्हा. त्याने डोमेनचं लॉक काढून ते आमच्या खात्यावर न्यायचा ट्रान्सफर कोड दिला, म्हणून निभावलं. तो नाही म्हणाला असता, तर नाव आमचं आहे हे सिद्ध करताना नाकी नऊ आले असते.

खरी चूक मात्र पुढे मी स्वतः केली. नवं दुकान जोडताना नेमसर्व्हरच, म्हणजे आपली साइट आणि मेल कुठे आहेत हे सांगणारे सर्व्हरच, बदलून टाकले. साइट छान दिसायला लागली, आमच्या मेलही जात होत्या, म्हणून काही बिघडलंय अशी शंकाच आली नाही. पाचव्या दिवशी पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्याचा फोन आला, “अहो, तुमच्याकडे पाठवलेली मेल परत येतेय!” चाळीस बाटल्यांची ऑर्डर त्या मेलमध्ये होती.

झालं असं, की आलेली मेल कुठे पोचवायची हे सांगणारी एमएक्स नोंद जुन्या नेमसर्व्हरवर होती. नेमसर्व्हर बदलले की तिथल्या सगळ्याच नोंदी मागे राहतात. नव्या जागी त्या आपण लिहायच्या असतात. तपासायला कॉम्प्युटरच्या कमांड विंडोत ही एक ओळ पुरते, example.com च्या जागी आपलं नाव घालायचं:

```
nslookup -type=mx example.com
```

उत्तरात मेलची सेवा देणाऱ्या कंपनीचा सर्व्हर दिसला नाही, तर मेल येणार नाही. मी नेमसर्व्हर पुन्हा जुने केले आणि दुकानासाठी फक्त दोन नोंदी बदलल्या: मूळ नाव दुकानाच्या सर्व्हरच्या पत्त्यावर नेणारी ए आणि www दुकानाच्या नावाकडे वळवणारी सीनेम. एमएक्सला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मेल यायला लागल्या.

आता कुठलंही दुकान घेण्याआधी मी एवढंच विचारतो, की मालाची आणि गिऱ्हाइकांची यादी एक्सेलमध्ये उघडणाऱ्या सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर काढता येते का. डोमेन आम्ही दुकानवाल्याकडे ठेवत नाही, वेगळ्या खात्यावर ठेवतो. त्या खात्याला ईमेलही त्याच डोमेनवरचा दिलेला नाही, कारण मुदत संपून नाव बंद पडलं तर नूतनीकरणाची सूचना त्याच बंद पत्त्यावर जाईल.