तुम्ही विचारलंत म्हणून: पास्ता उकळला की प्रोटीन जातं कुठं?

"ताई, पास्त्याच्या पाकिटावर १०० ग्रॅमला १२ ग्रॅम प्रोटीन लिहिलंय आणि ॲपमध्ये शिजवलेला पास्ता टाकला की ५ च दाखवतंय. उकळताना निम्म्याहून जास्त प्रोटीन पाण्यात जातंय का?"

नाही जात. प्रोटीन होतं तेवढंच भांड्यात आहे, फक्त आता त्याच्यासोबत भरपूर पाणी येऊन बसलंय आणि १०० ग्रॅममध्ये त्या पाण्याचंही वजन धरलं जातंय. गवळ्यानं लिटरभर दुधात सव्वा लिटर पाणी ओतलं तर दुधातलं फॅट पळून जात नाही, पण एक ग्लास भरून घेतलात तर त्या ग्लासात फॅट कमीच येणार, तसलाच प्रकार आहे हा. सांगलीत माझ्याकडे डाएट विचारायला जी जिमची पोरं येतात त्यातली बरीचशी इथंच अडकतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतेय.

कोरड्या पास्त्यात पाणी जेमतेम १० टक्के असतं. उकळत्या पाण्यात टाकला की बाहेरून आत पाणी मुरायला लागतं, साधारण ६०-७० डिग्रीच्या पुढं स्टार्चचे कण फुगतात आणि पाणी धरून ठेवतात, आणि गव्हातलं ग्लुटेन घट्ट होऊन त्या फुगलेल्या कणांना जाळीसारखं बांधून ठेवतं. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर उकळताना आठव्या-नवव्या मिनिटाला एक पेने बाहेर काढा आणि मधोमध आडवा कापा. पिवळट भिंतीच्या बरोबर मध्ये एक पांढरी बारीक रेघ दिसेल, तिथंपर्यंत अजून पाणी पोचलेलं नाही. दोन-तीन मिनिटांनी परत कापलात तर रेघ गायब. पण रेघ गेली म्हणून पाणी प्यायचं थांबत नाही हं, गॅस चालू ठेवलात तर तो आणखी फुगत जातो, आणि तिथंच आकड्यांचा सगळा घोळ सुरू होतो.

आता एक भांडं घेऊ. पाकिटावर १०० ग्रॅमला प्रोटीन १२, कार्ब ७३, फॅट १.५ आणि कॅलरी ३५३ असं लिहिलंय समजा, रव्याच्या पास्त्याला साधारण असंच असतं. घरात तिघं-चौघं खाणार म्हणून २०० ग्रॅम कोरडा पास्ता काट्यावर मोजून घेतला. म्हणजे भांड्यात प्रोटीन २४ ग्रॅम, कार्ब १४६, कॅलरी ७०६. उकळून, चाळणीत निथळून परत काट्यावर ठेवला तर ४६० ग्रॅम भरला. वरचे २६० ग्रॅम म्हणजे पाणी, त्यात कॅलरी शून्य. आता त्याच २४ ग्रॅमला ४६० नं भागून १०० नं गुणा, ५.२ येतं. कॅलरी १५३. ॲपमध्ये तुम्हाला जे ५ दिसलं ते हेच. बऱ्याच ॲपचे आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या यादीतून आलेले असतात, तिथं कोरड्या पास्त्याला ३७१ कॅलरी आणि १३ ग्रॅम प्रोटीन आहे, शिजवलेल्याला १५८ आणि ५.८. म्हणजे दोन्ही आकडे खरे, एक पाण्याआधीचा आणि एक पाण्यानंतरचा.

आणि बघा, कॅलरीतला किती वाटा प्रोटीनचा आणि किती कार्बचा हे मात्र जवळपास तसंच राहतं, दोन्हीकडं प्रोटीनचा वाटा १४ टक्क्यांच्या आसपासच आहे. पाण्यानं पास्ता "लाइट" होत नाही, फक्त पसरतो.

खरा फटका बसतो तो वजन एका अवस्थेतलं आणि आकडा दुसऱ्या अवस्थेतला घेतला की. पोरगं ताटात शिजवलेला १५० ग्रॅम पास्ता मोजून घेतंय आणि हिशोब पाकिटावरून लावतंय, म्हणजे १८ ग्रॅम प्रोटीन, ५३० कॅलरी. प्रत्यक्षात त्या ताटात काय आहे? १५० भागिले ४६० गुणिले २००, म्हणजे ६५ ग्रॅम कोरडा पास्ता, प्रोटीन ८ ग्रॅमला थोडं कमी आणि कॅलरी २३०. वजन वाढवायला निघालेला मुलगा रोज असं लिहीत असेल तर कागदावर पोट भरलेलं आणि अंगावर काही नाही, आणि मग म्हणणार ताई तुमचा डाएट लागू पडत नाही. उलटंही होतंय, कमी करायचं असतं त्या मॅडम ८० ग्रॅम कोरडा मोजतात आणि ॲपमध्ये "cooked" वर टिचकी मारतात, म्हणजे लिहिल्या १२६ कॅलरी आणि खाल्ल्या २८२. ही चूक जास्त महागाची, कारण रोज दीडशे कॅलरी दिसतच नाहीत.

मग काय करायचं? मी सगळ्यांना एकच सांगते, कोरडंच मोजा. पाकिटावर जो आकडा छापलाय तो पाकिटात जे आहे त्याचा आहे, म्हणून त्याच्याशी जुळणारं वजनही पाकिटातून काढल्याबरोबरचंच पाहिजे. एकट्यासाठी करत असाल तर विषय संपला, ८० ग्रॅम टाकला, सगळा खाल्ला, ८० ग्रॅम लिहिला, तो फुगून १७० झाला का २१० झाला याच्याशी देणंघेणं नाही. घरच्यांसोबत एकाच भांड्यात असेल तर दोन वजनं घ्यावी लागतात, एक कोरड्याचं आणि एक निथळल्यानंतरचं सगळ्या भांड्याचं (भांड्याचं रिकामं वजन आधी काट्यावर शून्य करून घ्या, स्टीलचं पातेलं धरून मोजणारे पण भेटलेत मला), आणि मग तुमच्या ताटातला वाटा वर केला तसा काढायचा.

काहीजण म्हणतात एवढं कशाला, सव्वादोननं भागलं की झालं. चालतंय, अंदाजाला ठीक आहे, पण तो सव्वादोन प्रत्येक घरात वेगळा असतो हे लक्षात ठेवा. तेच २०० ग्रॅम जरा कडक ठेवून लवकर काढले तर ४२० ग्रॅम भरतील आणि १०० ग्रॅममध्ये १६८ कॅलरी येतील. आमच्याकडं आज्यांना लागतो तसा गिचका शिजवलात तर ५२० ग्रॅम आणि १०० ग्रॅमला १३६. भांडं तेच, पास्ता तोच, एकूण ७०६ कॅलरी त्याच. आता मऊ शिजवलेला १५० ग्रॅम खाऊन ॲपच्या १५८ नं हिशोब केलात तर २३७ दिसतील आणि असतील २०४, म्हणजे तीसेक कॅलरीचा फरक, त्यासाठी झोप उडवू नका. कच्चं-शिजलेलं उलटसुलट झालं तर मात्र दुपटीच्या वर चूक होते, तिथं लक्ष द्या. आणि तो सव्वादोन तांदळाच्या नूडल्सना लावू नका, त्या जास्त पाणी पितात, शिजल्यावर १०० ग्रॅमला ११० कॅलरीच्या आसपास येतात.

समोरचा आकडा कोरड्याचा का शिजलेल्याचा हे कळत नसेल, ॲपमध्ये कुणीतरी नुसतं "pasta" म्हणून टाकून ठेवलेलं असतंय, तर प्रोटीन, कार्ब आणि फॅट तिन्हींची बेरीज करा. आपल्या पाकिटाची १२, ७३ आणि दीड मिळून ८६ च्या वर येते, उरलेल्यात थोडी ओल, थोडी क्षारांची राख, म्हणजे माल कोरडा. शिजलेल्याची बेरीज ३७-३८ येते, १०० पैकी बाकीचं कुठं गेलं? ते पाणी. बेरीज साठच्या घरात आली आणि फॅटही कमी असेल तर ती नोंद मी वापरतच नाही, एकतर ताजा ओला पास्ता असेल नाहीतर कुणीतरी मनानं भरलंय.

आता तुमची मूळ शंका, पाण्यात काहीच जात नाही का. जातं, पण प्रोटीन नाही फारसं. निथळलेलं पाणी दुधी दिसतं ना, तो स्टार्च असतो, आणि पाण्यात विरघळणारी बी व्हिटॅमिन्सही थोडी जातात. चांगल्या ड्युरम रव्याच्या पास्त्यातून वजनाच्या ५-६ टक्के जात असेल, आपल्या २०० ग्रॅममधून दहा-बारा ग्रॅम, म्हणजे सगळ्या भांड्यामागं चाळीसेक कॅलरी. मैद्याचा स्वस्त पास्ता असेल, किंवा फार वेळ उकळला, तर पाणी पेजेसारखं दाट होतं, तेव्हा जरा जास्त गेलं असं समजा. मी हे वजा करत नाही, उकळताना पाण्यात टाकलेलं तेलही धरत नाही, कारण ते वर तरंगतं आणि बहुतेक निथळताना वाहून जातं. निथळल्यावर वरून सोडलेलं एक मोठा चमचा तेल मात्र १२० कॅलरी, ते लिहायचंच.

वजन कधी घेताय तेही बघा. नळीचा पास्ता चाळणी न हलवता मोजला तर पोटात पाणी घेऊन बसतो. आणि एप्रिल-मेमध्ये सांगलीत पंख्याखाली अर्धा तास परातीत पसरून ठेवलात तर वाफ जाऊन वजन उतरतं, कॅलरी नाही उतरत. सॉस घालून फ्रिजमध्ये ठेवलेला दुसऱ्या दिवशी सॉसमधलं पाणी पिऊन अजून फुगलेला असतो, त्याचं वजन करून काही अर्थ नाही, आदल्या दिवशीच वाटे पाडून डब्यात भरा.

दोन मिनिटांवाल्या नूडल्सचं वेगळं. त्यात पाणी निथळतच नाही, आणि वडी आधीच तेलात तळून वाळवलेली असते, म्हणून तिच्यात साध्या पास्त्याच्या कितीतरी पट फॅट असतं. ७० ग्रॅमच्या पाकिटाला तीनशेच्या आसपास कॅलरी, मग तुम्ही त्यात एक कप पाणी घाला नाहीतर दोन, वाटीचं वजन बघूच नका, पाकिटं मोजा. आपल्या खपली गव्हाच्या शेवयांनाही तोच नियम, दुधात शिजवल्या तर निथळायचा प्रश्नच नाही, कोरड्या शेवया मोजायच्या, दूध वेगळं लिहायचं, गूळ वेगळा लिहायचा. आणि पास्त्यावर किसलेलं चीजही वेगळं लिहा, ते "थोडंसंच होतं" म्हणून राहून जातंय नेहमी.