फाइव्ह ऑरेंज

इंग्लंडमधल्या ज्या प्राथमिक शाळेत मी काम करते, तिथे घरी दुसरीच भाषा बोलणारी मुलं माझ्याकडे असतात. त्यामुळे यंदा चतुर्थीला गोव्यात डिचोलीला घरी आले, तेव्हा माझे कान आपोआप भाच्याच्या इंग्रजीकडे लागले. तो सहा वर्षांचा आहे. घरात मराठी, शेजारी कोंकणी आणि जूनपासून शाळेत इंग्रजी.

गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधून झाली होती. आलेल्या पाहुण्यांना तो वर बोट करून दाखवत होता, "टू कोकोनट्स, सिक्स बनानाझ, फाइव्ह ऑरेंज." भावजय लगेच म्हणाली, "ऑरेंजेस म्हण!" तो गप्प झाला. रात्री भांडी आवरताना तिने मला विचारलं, "ताई, दोन शब्द बरोबर आणि तिसरा चूक, असं कसं? लक्ष नसतं का त्याचं? की घरात आम्ही मराठी बोलतो म्हणून?"

मी तिला म्हटलं, तूच मराठीत मोजून बघ. एक नारळ, दोन नारळ. शब्द बदलला? नाही. एक संत्रं, पाच संत्री. इथे बदलला. मराठीचा अडथळा असता तर तो कोकोनटला अडखळला असता आणि ऑरेंजला सुटला असता. झालं नेमकं उलटं. म्हणजे कारण मराठीत नाही, त्या इंग्रजी शब्दाच्या शेवटच्या आवाजात आहे.

लिहिताना आपण एकच एस लावतो, पण कानाला तीन वेगळे शेवट ऐकू येतात. ट, प, क असल्या आवाजानंतर 'स' येतो, कोकोनट्स. स्वरानंतर किंवा ग, ब, न यांच्यानंतर तो 'माझा'मधल्या झसारखा होतो, बनानाझ. आणि शब्दच जर स, श, च, ज असल्या घासत येणाऱ्या आवाजाने संपत असेल, तर मध्ये एक जास्तीचं अक्षर घालावं लागतं, ऑरेंजिझ, बसिझ. हा तिसरा प्रकार सगळ्यात उशिरा येतो. 'बस' किंवा 'ऑरेंज' ऐकताना मुलाला शेवट आधीच लागल्यासारखा वाटतो, म्हणून तो आणखी काही जोडत नाही.

जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचंही हेच होतं. जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने १९५८ मध्ये चार ते सात वर्षांच्या मुलांना चित्रं दाखवली आणि त्यांना खोटी नावं दिली. हा एक 'वग', आता दोन आहेत, दोन काय? शंभरातल्या ९१ मुलांनी 'वग्झ' म्हटलं. पण 'टास' या खोट्या शब्दाचं 'टासिझ' फक्त ३६ जणांना जमलं. गंमत म्हणजे 'ग्लासिझ' त्याच मुलांतल्या ९१ टक्क्यांना येत होतं. ते शब्द म्हणून पाठ होतं, त्यातला नियम अजून हाती आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही हाच खेळ केला. कागदावर दोन शिंगांचा प्राणी काढला आणि त्याला 'वग' म्हटलं. भाचा पटकन म्हणाला, "टू वग्झ!" मग 'गच' काढला. "टू... गच." भावजयीने माझ्याकडे पाहिलं. लक्ष नसतं, ही शंका तिथेच फिटली.

मालकी दाखवणाऱ्या एसचं थोडं वेगळं आहे. तो 'पप्पा स्कूटर' म्हणतो. आवाज तेच तीन, पण मराठीतही मालक आधी आणि वस्तू नंतर येते, 'पप्पांची स्कूटर'. त्यामुळे शेवट गळला तरी सगळ्यांना अर्थ कळतो, त्याचं काही अडत नाही. मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी अभ्यासलेल्या तीन अमेरिकन मुलांत अनेकवचन आधी पक्कं झालं, मालकी नंतर. उलट अमेरिकेत आलेल्या पाच वर्षांच्या एका जपानी मुलीला मालकी आधी आली, कारण जपानीत मालकीचा प्रत्यय आहे, पण अनेकवचन नामाला सहसा लागत नाही. म्हणून शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. अ‍ॅपॉस्ट्रॉफी कुठे लावायची, ही तर लिहिण्याची गोष्ट आहे, कानाला त्यात काहीच फरक नसतो. ती नंतर बघता येईल.

"मग मी करू काय?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, 'ऑरेंजेस म्हण' असं म्हणू नकोस. त्याचंच वाक्य शेवट नीट लावून परत दे, "हो रे, फाइव्ह ऑरेंजिझ! पप्पाझ स्कूटरवर आणलेली." त्याच्याकडून वदवून घ्यायचं नाही. मात्र मराठीतही 'एक केळं, सहा केळं' असंच सतत येत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायला हवं. अडचण दोन्ही भाषांत दिसली तर ती इंग्रजीची नसते.

परतीच्या दिवशी मोपा विमानतळाच्या वाटेवर तो खिडकीला नाक लावून मोजत होता. "टू बसिझ! थ्री ट्रकिझ!"

भावजय काही बोलणार, एवढ्यात थांबली. मग म्हणाली, "हो, थ्री ट्रक्स. आणि तो बघ, अजून एक."