दंतमंजनाची घसरण आणि बार्शीच्या गोदामातला हिशेब

2017 चा ऑगस्ट. जुलैपासून जीएसटी लागू झाला होता, आणि पुण्यातल्या आमच्या कंपनीत आयुर्वेदिक दंतमंजनाचं पुढे काय करायचं यावर बैठक ठरली होती. हा ब्रँड माझ्याकडे होता. बैठकीआधी जो प्रस्ताव फिरला तो असा: जाहिरात बंद करायची, 50 ग्रॅमची डबी आणि 200 ग्रॅमचा डबा काढून टाकायचा, फक्त 100 ग्रॅम ठेवायचं, किंमत दहा टक्क्यांनी वाढवायची आणि जेवढे दिवस चालेल तेवढे दिवस नफा काढून घ्यायचा. प्रस्तावाला जोडलेला आलेख एकच होता. विक्रीची रेघ वर चढते, बराच काळ सपाट चालते आणि 2016 च्या शेवटच्या तिमाहीपासून खाली येते. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘उतरती अवस्था’.

आलेख काढणारा मुलगा नुकताच एमबीए होऊन आलेला, कामाला चोख. त्याने जे शिकलं ते नेमकं लावलं होतं: वस्तूच्या आयुष्यचक्राचं मॉडेल, म्हणजे प्रॉडक्ट लाइफ सायकल. वस्तू बाजारात येते, वाढते, स्थिरावते आणि उतरते. प्रत्येक टप्प्यावर करायचं काम वेगळं. आमच्या मंजनाचा इतिहासही याच क्रमाने गेला होता, हे मला मान्य होतं. नवं होतं तेव्हा दुकानदार ठेवायलाच तयार नसत. म्हणून कंपनीने चार-पाच जिल्हेच धरले, जत्रा आणि आठवडी बाजारात पुड्या फुकट वाटल्या. लोक दुकानात नाव घेऊन मागू लागल्यावर पुड्या थांबवल्या आणि तो पैसा तालुक्यातालुक्यात स्टॉकिस्ट, म्हणजे कंपनीचा माल साठवून पुढे विकणारे व्यापारी, नेमण्यात घातला. कारण वाढीच्या काळात मागणी असून माल नसला, तर गिऱ्हाईक दुसऱ्याची डबी उचलतं. वाढ थांबली तेव्हा मोठ्या कंपन्या शेजारी येऊन बसल्या होत्या. मग दुकानदाराला डझनावर एक डबी फुकट, लहान डबी, मोठा डबा, असं जागा राखण्याचं काम सुरू झालं. इथपर्यंत मॉडेलने आम्हाला चांगलीच दिशा दिली. उतरत्या अवस्थेचा उपायही चुकीचा नाही. वस्तू खरंच उतरणीला लागली असेल, तर न खपणारी मापं काढणं, खर्च आवरणं आणि जे गिऱ्हाईक सोडून जात नाही त्याच्याकडून रास्त किंमत घेणं, हेच शहाणपणाचं.

माझा प्रश्न आधीचा होता. ही रेघ कशाची आहे?

ती प्रायमरी विक्रीची होती, म्हणजे कंपनीने स्टॉकिस्टला लावलेल्या बिलांची. डबी बाथरूममध्ये रिकामी होईपर्यंत मध्ये स्टॉकिस्ट, होलसेलर आणि दुकानदार अशी तीन गोदामं असतात. प्रत्येक जण आपल्या पैशांच्या चणचणीप्रमाणे साठा वाढवतो किंवा कमी करतो, आणि त्या हालचालीचा घरच्या खपाशी संबंध असेलच असं नाही. त्यात काळ कोणता? 8 नोव्हेंबर 2016 ला पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. रोखीवर चालणाऱ्या होलसेल बाजाराला त्याचा सगळ्यात मोठा फटका बसला. पुढे 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. आलेखावरच्या दोन मोठ्या घसरणी नेमक्या नोटाबंदीच्या तिमाहीत आणि जीएसटीच्या आधीच्या तिमाहीत होत्या.

मी बार्शीला गेले. पूर्ण यादीत सर्वांत वाईट घसरण तिथली होती, आणि तिथले स्टॉकिस्ट शेठ रोजच्या रोज वही लिहिणारे होते. हे दुसरं कारण महत्त्वाचं. आमच्याकडे महिनाअखेरीचा क्लोजिंग स्टॉक, म्हणजे उरलेला साठा, पुष्कळदा सेल्समन अंदाजाने भरतो. अंदाजावर खपाचा हिशेब मांडला, तर तो प्रायमरीहूनही जास्त फसवतो.

शेठना मी थेट विचारलं, “मंजन जात नाहीये का?”

“जातंय की मॅडम. मीच उचलत नव्हतो,” ते म्हणाले. “सीएनं सांगितलं, जून संपायच्या आत गोदाम मोकळं करा. जुन्या मालावर भरलेल्या कराचं क्रेडिट पूर्ण मिळंल का नाही, कुणालाच माहीत नव्हतं. मग माल कशाला भरून ठेवू?”

आम्ही वही उघडून बसलो. रीत साधी आहे. तिमाहीच्या सुरुवातीचा साठा घ्यायचा, त्यात खरेदी मिळवायची, शेवटचा साठा वजा करायचा. उरतो तो स्टॉकिस्टकडून पुढे गेलेला माल. 2016 च्या एप्रिल ते जून तिमाहीत सुरुवातीला 310 पेट्या होत्या, 900 घेतल्या, शेवटी 320 उरल्या; म्हणजे 890 गेल्या. 2017 च्या त्याच तिमाहीत सुरुवातीला 300, खरेदी 640 आणि जूनअखेर उरल्या फक्त 90. म्हणजे 850 पेट्या गेल्या होत्या.

कंपनीच्या आलेखावर बार्शी 900 वरून 640 वर आली होती, जवळपास 29 टक्के खाली. बाजारात गेलेला माल 890 चा 850 झाला होता, साडेचार टक्के खाली. बाकीची सगळी घसरण शेठच्या गोदामातल्या रिकाम्या झालेल्या फळ्यांची होती.

त्या साडेचार टक्क्यांचीही फोड केली. होलसेलरांना जाणारा माल 400 वरून 330 पेट्यांवर आला होता, आणि सेल्समन स्वतः फिरून ज्या दुकानांना माल देतो तिथला 490 वरून 520 वर गेला होता. खेड्यातला दुकानदार एरवी बार्शीच्या होलसेलरकडून उधारीवर माल नेतो. होलसेलरने हात आखडल्यावर काही दुकानदार आमच्या गाडीकडे वळले होते. म्हणजे जोर द्यायचा तर जाहिरात कापण्यावर नव्हे, गाडीचे फेरे वाढवण्यावर.

दुपारी मी सेल्समनबरोबर बीटवर, म्हणजे त्याच्या ठरलेल्या दुकानांच्या फेरीवर निघाले. वही स्टॉकिस्टच्या दारापर्यंतच सांगते; पुढचं दुकानाच्या फळीवर वाचावं लागतं, आणि तिथे मी डबीच्या तळाचा बॅच नंबर आणि महिना बघते. ऑगस्टमध्ये फळीवर जुलैचा माल दिसला, तर डबी फिरते आहे. मागच्या वर्षीचा दिसला, तर तिथे ती मेली आहे, मग बिलं काहीही सांगोत. 50 ग्रॅमच्या डब्या बहुतेक दुकानांत जून-जुलैच्या होत्या. 200 ग्रॅमचे डबे मात्र वरच्या फळीवर, धुळीने झाकणं काळवंडलेली, तारीख आदल्या वर्षाच्या दिवाळीआधीची. एकाच ब्रँडची दोन मापं दोन वेगळ्या अवस्थांत होती, आणि ब्रँडच्या एकत्र बेरजेत हे कधीच दिसलं नसतं.

खरी उतरणही दिसली, ती सांगायलाच हवी. एका दुकानदाराने सांगितलं, “डबी म्हाताऱ्या माणसांची. पोरं पेस्टच मागतात.” मंजन हा प्रकारच पेस्टला जागा देत चालला आहे, हे खरं होतं. पण तीच पोरं कोणती पेस्ट मागत होती? पतंजलीची दंतकांती, आणि कोलगेटने 2016 मध्ये आणलेली वेदशक्ती. म्हणजे आयुर्वेदिक दंतनिगा वाढीत, मंजन हा प्रकार संथ उतरणीत आणि आमचा ब्रँड त्या उतरणीत बऱ्यापैकी टिकून. ‘वस्तू कोणत्या अवस्थेत आहे’ या प्रश्नाची तीन उत्तरं निघाली, आणि तिन्ही बरोबर. मॉडेल हे सांगत नाही की रेघ कोणत्या पातळीची काढायची; ते तुम्हीच ठरवता, आणि निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो.

आपल्या पुण्याने हे स्कूटरच्या बाबतीत पाहिलं आहे. 2009 च्या अखेरीस बजाजने स्कूटर बनवणं थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. गिअरची स्कूटर उतरली होती हे खरंच, पण स्कूटर उतरली नव्हती. होंडाची बिनगिअरची अ‍ॅक्टिव्हा तेव्हा रस्त्यावर वाढतच होती.

बैठकीत मी वहीची पानं आणि बॅच नंबर ठेवले. त्या मुलाने प्रामाणिक प्रश्न विचारला, “पण मॅडम, जाहिरात थांबवून दोन तिमाह्या बघायला काय हरकत आहे? खरंच उतरण असेल तर कळेल.”

मला या मॉडेलची सर्वांत मोठी भीती वाटते ती इथेच. जाहिरात थांबवली, लहान डबी काढली, किंमत वाढवली, तर विक्री पडणारच. मग त्या पडलेल्या विक्रीकडे बोट दाखवून आपण म्हणणार, बघा, उतरणच होती. रेघ आपल्या वागण्याने वाकते आणि आपण तिला वस्तूचं आयुष्य समजतो. अमेरिकेत इपाना नावाची टूथपेस्ट होती. ब्रिस्टल-मायर्सने 1968 मध्ये ती सोडून दिली. पुढच्या वर्षी मिनेसोटातल्या दोन व्यावसायिकांनी ते नाव घेतलं, वेगळं मिश्रण केलं, वेष्टन तेच ठेवलं, आणि जवळजवळ काहीही जाहिरात न करता पहिल्या सात महिन्यांत अडीच लाख डॉलरचा माल विकला. गिऱ्हाईक होतंच. 1976 मध्ये धल्ला आणि युस्पेह यांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये या मॉडेलवर कडक टीका केली, तेव्हा त्यांनी याच ब्रँडचा दाखला दिला होता. मी तो बैठकीत सांगितला, कारण आमची वस्तूही दातांचीच होती आणि प्रस्तावही तोच होता.

ठरलं ते असं. 200 ग्रॅमचा डबा बंद. त्या मापापुरती उतरत्या अवस्थेची शिफारस तंतोतंत लागू होती. 50 ग्रॅमची डबी आणि तिची किंमत जशीच्या तशी. जाहिरातीचा पैसा सगळीकडे पसरण्याऐवजी सोलापूर, उस्मानाबाद आणि लातूर या तीनच जिल्ह्यांत, आणि गाडीचे फेरे वाढवायचे. याच नावाची पेस्ट आणायची की नाही, हा विषय वेगळा ठेवला. ती नवी वस्तू होती, तिला पहिल्या टप्प्याचा खर्च लागणार होता, आणि तो मंजनाच्या खात्यातून काढणं मला पटत नव्हतं.

वर्षअखेरीस उलट दिशेचा गोंधळ आला. ऑक्टोबर ते डिसेंबर 2017 मध्ये बार्शीची खरेदी 560 वरून 930 पेट्यांवर गेली, म्हणजे 66 टक्के वाढ. सेल्समधून लगेच मागणी आली की मंजन पुन्हा वाढीला लागलंय, पुढच्या वर्षाचं टार्गेट त्या हिशेबाने लावा. 560 ही नोटाबंदीच्या तिमाहीची खरेदी होती, आणि 930 मध्ये रिकामी गोदामं पुन्हा भरल्याचा माल होता. वहीप्रमाणे पुढे गेल्या होत्या 840 पेट्या. नोटाबंदीपूर्वीच्या, 2015 च्या त्याच तिमाहीत 870 गेल्या होत्या. दोन वर्षांत साडेतीन टक्क्यांच्या आत घट, हा मंजनाचा खरा उतार. टार्गेट मी 840 धरून लावलं, आणि तेव्हापासून आमच्या तिमाही आलेखावर प्रायमरीच्या शेजारी मोजलेल्या क्लोजिंग स्टॉकची रेघही असते.