देवगिरीच्या अंधारीत विझलेली विजेरी

देवगिरी म्हणजेच दौलताबादचा किल्ला आम्ही आठ जणांनी वाटाड्यासह पाहिला. त्यात सात वर्षांच्या पुतणीपासून सत्तरी ओलांडलेल्या मामांपर्यंत सर्व वयाची मंडळी होती. चांद मिनार आणि मेंढा तोफेपाशी वाटाड्या फारसा रेंगाळला नाही. त्याची खरी कथा खंदकावरच्या पुलापाशी सुरू झाली.

१२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला, तेव्हा रामचंद्रदेव यादवाचे मुख्य सैन्य राजपुत्र शंकरदेवासोबत दूर गेले होते. घाईघाईने गडावर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, आणि अभेद्य गड भुकेपुढे नमला. हे सांगताना वाटाड्याने पुतणीला विचारले, "पोतं भरलेलं दिसलं, की तू उघडून पाहशील की उचलून धावशील?" ती म्हणाली, "धावेन." तो हसला आणि म्हणाला, "त्यांनीही तेच केलं." मोठ्यांसाठी मात्र त्याने लगेच जोडले, की मिठाची ही हकीकत फरिश्ता या इतिहासकाराने घटनेनंतर सुमारे तीनशे वर्षांनी लिहिली आहे, त्यामुळे वेढा आणि शरणागती पक्की धरावी, पोत्यांविषयी सावध असावे. इतका प्रामाणिक खुलासा करणारे वाटाडे मला क्वचितच भेटले आहेत.

पुढे अंधारी या खडकात कोरलेल्या काळोख्या भुयारी वाटेत शिरल्यावर त्याने सर्वांना विजेऱ्या विझवायला लावल्या आणि स्वतः गप्प राहिला. वटवाघळांचा वास, पायाखालची असमान पायरी आणि वळण नेमके कुठे आहे हे न कळणे, एवढ्यावरच त्याने बराच वेळ भागवले. मग अंधारातूनच त्याने सांगितले, की येथे वाट दुभंगून पुन्हा एकत्र येते, त्यामुळे दोन्हीकडून शिरलेले शत्रू समोरच्या आपल्याच माणसांवर वार करतील. आणि वरच्या तोंडाशी आग पेटवली, की धूर खाली लोटता येई. हेच तो बाहेर उन्हात सांगता, तर मुले कंटाळली असती. पुतणीने माझा हात घट्ट धरला होता, पण बाहेर पडताच तिला परत आत जायचे होते.

जाणाऱ्यांनी सकाळी लवकर निघावे, कारण अंधारीनंतरची चढण उन्हात जड जाते. आमचे मामा तिथूनच परतले. वाटाडा ठरवताना कोणत्या भाषेत बोलणार आणि अंधारीपर्यंत सोबत येणार का, हे आधीच स्पष्ट करून घ्यावे. काही जण खंदकापाशीच निरोप घेतात. प्रत्येकाजवळ विजेरी असावी. लहान मुलांना अंधाराची आधीच कल्पना द्यावी, आणि ज्यांना कोंदट जागेत गुदमरल्यासारखे होते त्यांनी खंदकापाशीच थांबावे. गट दहाच्या वर गेला, तर मागच्यांना काहीच ऐकू येत नाही. आमच्या मागून आलेल्या मोठ्या गटातली मुले विजेऱ्यांचे झोत नाचवत निघून गेली, आणि त्यांच्या वाटाड्याचे शब्द वाटेतच विरले.