चेंडू दाबूनही मूठ का मिटेना?

काकूंचं प्लास्टर निघून पंधरवडा झाला होता. एक्स-रेमध्ये मनगटाचं हाड छान जुळलेलं, पण बोटं सुजून टम्म झालेली आणि मूठ अर्धीच मिटत होती. काकांनी खिशातून मऊ चेंडू काढला. "दिवसभर दाबते हो ही. संध्याकाळी सूज उलट वाढते."

आधी धोक्याच्या खुणा पाहिल्या. नुसत्या स्पर्शानेही असह्य दुखणं, हाताचा बदललेला रंग, एका हाताला जास्त घाम, बोटांना बधिरपणा यातलं काही असतं तर मी त्यांना त्याच दिवशी सर्जनकडे परत पाठवलं असतं. तसं काही नव्हतं. मूठ मिटवायला सांगून मधल्या बोटाच्या टोकापासून तळहाताच्या वरच्या रेषेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजलं. साडेचार सेंटीमीटर.

आता ही मूठ अडतेय कुठे? सांध्यात, की स्नायूत? बोट मुळाशी वाकवून धरलं आणि मधला सांधा दुमडला, तर तो सहज वाकला. म्हणजे सांधा मोकळा होता. मग बोटाचं मूळ सरळ धरलं आणि तोच सांधा दुमडू लागले, तर तो मध्येच थांबला. काकू म्हणाल्या, "अगं, हेच ते, इथेच अडतं!" तळहाताच्या आतले छोटे स्नायू आखडले होते. हे स्नायू बोट मुळाशी वाकवतात आणि पुढचे सांधे सरळ करतात. त्यामुळे मूळ सरळ ठेवून पुढची पेरं दुमडली तरच ते ताणले जातात.

चेंडूने नेमकं हेच होत नाही. हातात चेंडू असला की बोटं पूर्ण दुमडतच नाहीत. त्यातून सुजलेल्या हाताला दिवसभर जोर दिला की सूज हटत नाही. माझ्या मते मूठ पूर्ण मिटेपर्यंत चेंडू कपाटातच बरा. (काकांना हे फारसं पटलं नाही.)

मी काकूंना आकड्याची मूठ शिकवली. बोटांची मुळं सरळ ठेवायची, फक्त पुढचे दोन सांधे आकड्यासारखे वळवायचे, पाच सेकंद धरायचं, मग सोडायचं. असं दहा वेळा, जागेपणी दर दोन तासांनी. त्यानंतर पूर्ण मूठ मिटवायची आणि बोटं सरळ ताणायची. हे सगळं हात छातीच्या वर उचलून करायचं, म्हणजे सूजही उतरते. ताण जाणवला तर हरकत नाही, पण व्यायामानंतरचं दुखणं तासाभरात ओसरलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर आदल्या दिवशी जोर जास्त झाला असं समजून तो कमी करायचा. दुसऱ्या कुणी बोटं धरून जबरदस्तीने मिटवायची नाहीत, हे मात्र मी काकांकडे बघून सांगितलं.

तीन आठवड्यांनी ते अंतर दीड सेंटीमीटरवर आलं. पण तळहात आभाळाकडे वळवणं अजून अडत होतं, कारण त्याचा संबंध बोटांशी नाही, मनगटाजवळच्या दुसऱ्या सांध्याशी आहे. त्याचे व्यायाम त्या दिवशी सुरू केले.